४० सेकंदांत पोच

पाठमोरं टक्कल. सॉफ्टवेअरच्या जाहिरातीच्या ४० सेकंदांच्या त्या व्हिडिओत माझ्या वाट्याला एवढंच आलंय, तेही पहिल्या ३ सेकंदांत. बघणारा तेवढ्यात बोटाने पुढे सरकतो म्हणे, म्हणून दुखणं आधी दाखवायचं. दुखणं म्हणजे मी.

सॉफ्टवेअर विकणारा तो पोरगा हैदराबाद रोडवरच्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आला. "काका, रोजचा एकच त्रास दाखवायचा." मी म्हटलं, मग पोच दाखव. गाडी नागपुरात चादरींचे गठ्ठे उतरवते, माल घेणारी पार्टी बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, सही-शिक्का देते, तीच पोच, आणि आमचा ड्रायव्हर परतीचा माल मिळेल तिकडं निघून जातो. बिल्टी त्याच्या सीटखाली दहा-दहा दिवस देशाटन करते. पोच नाही तर बिल नाही, बिल नाही तर भाडं नाही. डिझेलवाल्याला मात्र कुणाची पोच लागत नाही, त्याला रोख लागतं.

यावर उपाय असा की, गाडी खाली झाली की ड्रायव्हरने तिथंच फोटो काढून लिंकवर टाकायचा. फोटो बिल्टी नंबराला जोडला जातो, हिरवी टिक येते, बिल तयार. नमुन्याला आमचीच गेल्या आठवड्यातली बिल्टी घेतली. मी चारदा फायली उपसल्या. "काका, अजून वैतागा ना." अरे बाबा, वैताग काय मागवायचा असतो? तो घरचाच आहे.

तेवढ्यात मुनीमजी उठले. चष्मा कपाळावर, नाक मोबाईलला टेकलेलं.

"ही पोच मी घेणार नाही."

"आजोबा, डेमो आहे."

"असू दे की. बिल्टीवर नग ८०. शिक्क्याखाली पेनानं काय लिहिलंय? ७८ मिळाले, १ ओला. टिक कशी मारली यानं?"

"फोटो आला म्हणून."

"मग 'फोटो आला' म्हणा. 'पोच आली' कशाला म्हणता? आणि शिक्क्यावर हा अंगठा कुणाचा?"

अंगठा आमच्या ड्रायव्हरचा होता. पार्टीचं अर्धं नाव त्याखाली.

मी म्हटलं, मिळालेले नग आणि शेरा भरायला रकाना दे. आकडा जुळला नाही तर टिक नको. पोरगा म्हणाला, "तो दुसरा त्रास झाला. एका व्हिडिओत एकच."

"मालक," मुनीमजी मला म्हणाले, "दोन गठ्ठे पुढच्या व्हिडिओत हरवायचे होते म्हणा की."

हा सगळा भाग कापला. ठेवलं काय, तर शेवटी बटण दाबून हसणारे मुनीमजी. (चहा आलेला बघून हसले होते.) माझी बायको म्हणते, "मुनीमजी काय छान दिसतात!"

मी बिल ८० नगांचं पाठवलं, टिक हिरवी होती ना. पार्टीने दोन गठ्ठ्यांची किंमत भाड्यातून कापली, वर कागदी बिल्टीही मागितली. ती अजून सीटखालीच आहे. मुनीमजी आल्यागेल्याला व्हिडिओ दाखवतात, ३१व्या सेकंदाला थांबवतात आणि टिकच्या मागे पुसटसे ७८ दिसतात तिथं बोट ठेवतात.