लोन पेअरमागं अडीच डिग्री वजा करायचा तो फॉरवर्ड: ClF3 घेऊन तपासूया

"रेणूचा आकार 5 सेकंदात!! मधल्या अणूला किती अणू जोडलेत तेवढंच मोजा, 3 असले की त्रिकोण, 4 असले की टेट्राहेड्रल. लोन पेअर असला की प्रत्येकी 2.5 डिग्री वजा करा, बघा 109.5, 107, 104.5. लोन पेअर आकारात दिसत नाही म्हणून तो कुठं बसवला याने फरक पडत नाही. सगळ्या ग्रुपला पाठवा."

हा मेसेज आमच्या बॅचच्या ग्रुपवर पण फिरला. मी सांगलीत विश्रामबागला अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो, आणि परवाच्या टेस्टला ClF3 समोर निम्म्या पोरांनी सपाट त्रिकोण, 120 डिग्री असं लिहून ठेवलं. पोरं हुशार आहेत, त्यांनी मेसेजवर विश्वास ठेवला एवढंच, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा नीट घेतो.

आधी ते अणू मोजायचं. BF3, NH3 आणि ClF3, तिन्हीत मधल्या अणूला तीनच अणू जोडलेत. पण BF3 सपाट त्रिकोण आहे, NH3 बुटका पिरॅमिड आहे आणि ClF3 चक्क इंग्रजी टी अक्षरासारखा आहे. अणू सारखे तीन आणि आकार तीन वेगळे, म्हणजे आकार नुसत्या अणूंवरनं ठरत नाही हे इथंच दिसतं. एकमेकींना ढकलतात त्या मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या, मग ती जोडी बाँडमधली असो नाहीतर लोन पेअर, त्यामुळं मोजायच्या त्या सगळ्या जोड्या.

ClF3 मोजू. क्लोरीनचे बाहेरचे 7 इलेक्ट्रॉन, तिन्ही फ्लोरीनकडनं बाँडसाठी एकेक, झाले 10, म्हणजे 5 जोड्या. त्यातल्या 3 बाँडमध्ये गेल्या, 2 लोन पेअर उरले. आता हे बरोबर आलं का ते दुसऱ्या वाटेनं तपासायचं, ही सवय लावून घ्या. सगळ्या रेणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा, 7 अधिक तीन फ्लोरीनचे 21, एकूण 28. तीन बाँडना 6 गेले, प्रत्येक फ्लोरीनवर तीन लोन पेअर म्हणून 18 गेले, उरले 4, म्हणजे क्लोरीनवर 2 जोड्या. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं की पुढं जायचं. नाही आलं तर बहुतेक वेळा आयनचा चार्ज धरायचा राहिलेला असतो, किंवा डबल बाँडनं जोडलेल्या ऑक्सिजनचा पण एक इलेक्ट्रॉन मोजलेला असतो, तो या पहिल्या पद्धतीत मोजायचा नसतो.

आता शेवटचा मुद्दा मधेच घेतो, कारण ClF3 चा सगळा घोळ तिथंच आहे. लोन पेअर कुठं बसवला याने फरक पडतो, आणि पाच जोड्यांच्या केसमध्ये तर सगळा आकार त्याच्यावरच ठरतो. पाच जोड्या एकमेकींपासनं जास्तीत जास्त लांब गेल्या की ट्रायगोनल बायपिरॅमिड होतो, तीन जोड्या कंबरेला गोलात 120 वर (इक्वेटोरियल), एक वर एक खाली (अॅक्शियल), आणि वरखालच्या जोड्या कंबरेच्या जोड्यांशी 90 वर. गणपती पेठेतनं फुगे आणून दोन फुग्यांची गाठ आणि तीन फुग्यांची गाठ एकत्र पिळली की हाच आकार आपोआप होतो, वर्गात मी दरवर्षी करून दाखवतो.

लोन पेअरवर एकट्या क्लोरीनचीच ओढ असते, दुसऱ्या बाजूला कुणी धरलेलं नसतं, म्हणून तो क्लोरीनजवळ पसरून जास्त जागा खातो. 90 डिग्रीवरची गर्दी त्याला सगळ्यात जास्त नडते, म्हणून तीच मोजायची. दोन्ही लोन पेअर वरखाली बसवले तर सपाट त्रिकोण मिळतो खरा, पण तेव्हा लोन पेअर आणि बाँड 90 वर समोरासमोर येण्याचे प्रकार 6 होतात. एक वर आणि एक कंबरेला ठेवला तर दोन लोन पेअरच एकमेकांशी 90 वर येतात, ते तर सगळ्यात वाईट. दोन्ही कंबरेला ठेवले तर ते एकमेकांपासनं 120 वर राहतात आणि लोन पेअर-बाँडची 90 ची गर्दी 4 वर येते. म्हणून दोन्ही कंबरेला, आणि उरलेले तीन फ्लोरीन टी आकारात.

हे कागदावरचं झालं, खरं कशावरनं मानायचं? सपाट त्रिकोण असता तर तिन्ही बाँड सारखे असते आणि त्यांची ओढ एकमेकांना काटून डायपोल मोमेंट शून्य आला असता. मोजल्यावर तो शून्य येत नाही, साधारण 0.6 डिबाय येतो. आणि बाँड पण सारखे नाहीत, दोन साधारण 1.70 अँगस्ट्रॉमचे, एक 1.60 चा. वरखालच्या फ्लोरीनच्या बाँडना 90 वर तीन शेजारी आहेत, कंबरेच्या बाँडला दोनच, म्हणून ते दोन लांबलेत. टी आकारात नेमकं असंच व्हायला पाहिजे.

राहिले अडीच डिग्री. याच ClF3 मध्ये दोन लोन पेअर आहेत, मेसेजच्या हिशोबानं 90 चे 85 व्हायला पाहिजेत, मोजलेला अँगल 87.5 आहे. XeF4 मध्ये पण दोन लोन पेअर, पण ते बरोबर समोरासमोर बसलेत, दोन्हीकडनं सारखा दाब, त्यामुळं 90 चे 90 च राहतात. मीथेन, अमोनिया, पाणी या तिघांत आकडे जवळजवळ सारख्या टप्प्यानं उतरतात तो योगायोग आहे आणि त्या योगायोगाचा कुणीतरी नियम करून टाकला. गिलेस्पी आणि नायहोल्म यांनी 1957 साली हे मॉडेल मांडलं त्यात जोर कुणाचा जास्त याचा क्रम आहे, लोन पेअर-लोन पेअर सगळ्यात जास्त, मग लोन पेअर-बाँड, मग बाँड-बाँड, किती डिग्री याचा आकडा नाही.

नायट्रोजन आणि एकच लोन पेअर तसाच ठेवून नुसते हायड्रोजन काढून फ्लोरीन लावा, NH3 चे 107 जाऊन NF3 मध्ये 102 होतात, कारण फ्लोरीन बाँडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढतो, नायट्रोजनजवळची गर्दी कमी होते आणि लोन पेअरला दाबायला आणखी जागा मिळते. PH3 मध्ये तर तो 93.5 वर येतो, H2S मध्ये 92 वर. मेसेजप्रमाणं हे 107 आणि 104.5 यायला पाहिजे होते.

पोरांनो, पेपरात अमोनिया-पाण्याचे आकडे पाठ असू देत, बाकी ठिकाणी अँगल आदर्शापेक्षा कमी होईल का आणि का ते लिहा, वजाबाकी करू नका. हे "कमी" सुद्धा हलकेफुलके अणू असतात तोवर चालतं. Cl2O मध्ये ऑक्सिजनवर दोन लोन पेअर आहेत तरी अँगल जवळपास 111 आहे, 109.5 पेक्षाही जास्त, कारण दोन मोठे क्लोरीन एकमेकांच्या अंगावर येतात आणि लोन पेअरचा दाब तिथं पुरत नाही.