आंबा-पेट्यांच्या हिशेबातील इंडेक्सविषयी आपल्या अभिप्रायाला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): «इंडेक्स टाकण्याचे तीन हजार घेतले, पण रोजचा आवक-रिपोर्ट उघडायला दहा सेकंद लागायचे, फरक शून्य. शेवटी भाच्याने पुण्याहून पाच मिनिटांत कॉलम उलटे केले आणि रिपोर्ट लगेच उघडू लागला. यांना साधा क्रमही कळत नाही. आता बागायतदारांची खाती काढताना सगळे रखडते आहे, त्याचे काय?»

आदरणीय महोदय,

ऐन हंगामात, पेट्यांचा टेंपो दारात उभा असताना आपल्याला दहा-दहा सेकंद पडद्याकडे पाहत बसावे लागले, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. रोजची आवक तारखेवरून पाहावी लागेल का, हे मी जानेवारीतच स्वतःहून विचारायला हवे होते. ते विचारले नाही, ही माझी चूक आहे.

मात्र «साधा क्रमही कळत नाही» हे वाक्य रत्नागिरीपासून देवगडपर्यंतचे माझे सारे ग्राहक वाचणार आहेत आणि माझे घर याच कामावर चालते. म्हणून तेवढ्या एका मुद्द्याचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते.

जानेवारीत आपण मला एकच प्रश्न सांगितला होता: एका बागायतदाराच्या साऱ्या हंगामातील पेट्या तारखेनुसार हव्यात. त्या प्रश्नासाठी मी पुढील इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून क्रमाने लावलेली सूची, टाकला.

```sql
CREATE INDEX petya_bagaydar_tarikh
    ON petya (bagaydar_id, tarikh);
```

आपल्या पेढीत अजूनही कागदावर रोजकीर्द आणि खतावणी या दोन्ही वह्या ठेवल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खतावणीत आधी माणसाचे पान येते आणि त्या पानावर तारखा क्रमाने येतात. रोजकीर्दीत आधी तारीख येते आणि तिच्याखाली माणसे. माझा इंडेक्स ही खतावणी होती. तीत २१७ क्रमांकाच्या बागायतदाराचे पान उघडले की १ मार्चपासून ३१ मेपर्यंतच्या त्याच्या सर्व नोंदी सलग मिळतात आणि तारखेनुसार लावण्याचे कामही वेगळे करावे लागत नाही. आपल्या तक्त्यात चार हंगामांच्या मिळून सुमारे २४ लाख पेट्या आहेत, म्हणजे एका हंगामाच्या ६ लाख. बागायतदार ४०० असल्याने एकाच्या वाट्याला साधारण १,५०० नोंदी येतात. या क्रमात खाते काढताना इंडेक्समधील त्या १,५०० नोंदींपलीकडे काहीही चाळावे लागत नाही.

आवक-रिपोर्टचा प्रश्न वेगळा आहे: आज सर्वांच्या मिळून किती पेट्या आल्या? खतावणीवरून एका दिवसाची आवक काढायची तर चारशेच्या चारशे पाने उलटावी लागतील. पहिल्या कॉलमवर कोणतीही अट नसल्यामुळे पोस्टग्रेस या आपल्या डेटाबेसने तो इंडेक्स बाजूला ठेवून २४ लाख ओळींचा अख्खा तक्ता वाचला आणि त्यातून दिवसाच्या साडेसहा हजार ओळी निवडल्या. आपले दहा सेकंद तिथे गेले. हा रिपोर्ट आपण मार्चमध्ये सुरू केला आणि त्याची कल्पना आम्हाला दिली नाही, हे नम्रपणे नमूद करतो. बागायतदारांच्या खात्यांचे काम मात्र त्या काळात बिनबोभाट चालू होते, त्यामुळे «फरक शून्य» हे म्हणणे मला लागले.

आपल्या भाच्यांनी माझा इंडेक्स काढून त्या जागी `(tarikh, bagaydar_id)` असा नवा टाकला. म्हणजे खतावणी काढून तिथे रोजकीर्द ठेवली. आवक-रिपोर्ट लगेच उघडला, कारण रोजकीर्दीत एका दिवसाचे पान एकत्रच असते. त्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. परंतु जूनमध्ये हिशेब मिटवताना खाती रखडली, तीही याच बदलामुळे.

खात्याच्या प्रश्नात बागायतदारावर «बरोबर हाच» अशी अट असते आणि तारखेवर «इथपासून तिथपर्यंत» अशी. तारीख आधी असेल, तर १ मार्च ते ३१ मे हा पट्टा उघडताच त्यातील ९२ दिवसांत २१७ क्रमांकाच्या नोंदी विखुरलेल्या सापडतात. पट्ट्याची अट पहिल्या कॉलमवर आली की दुसरा कॉलम शोधाची हद्द कमी करू शकत नाही. तो फक्त वाटेत आलेली प्रत्येक नोंद घ्यायची की सोडायची एवढे ठरवतो. त्यामुळे १,५०० नोंदींसाठी इंडेक्समधील ६ लाख नोंदी चाळल्या जातात. एका खात्याला हा फरक डोळ्यांना जाणवला नसता, पण चारशे खाती एकापाठोपाठ काढताना ही चाळणी २४ कोटी नोंदींवर जाते.

हा दोष पटकन दिसत नाही, म्हणून भाच्यांना तो दिसला नाही यात नवल नाही. डेटाबेसने उत्तर कसे शोधले ते दाखवणारी `EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)` ही आज्ञा चालवली, तर दोन्ही क्रमांत `Index Cond` या ओळीत दोन्ही कॉलम दिसतात आणि सर्व ठीक असल्यासारखे वाटते. खरी गोष्ट `Buffers` या ओळीत असते, कारण डेटाबेसने किती पाने वाचली ते तिथे कळते. आपल्या डेटाच्या प्रतीवर मी काल दोन्ही क्रम तपासले: माझ्या क्रमात एका खात्यासाठी शंभराच्या आसपास पाने वाचली गेली, उलट्या क्रमात सहाशेहून अधिक.

«ज्या कॉलममध्ये वेगवेगळी मूल्ये जास्त तो आधी» हा नियम त्यांनी फोनवर मला ऐकवला. तो इथे लागू होत नाही. दोन्ही कॉलमवर «बरोबर हेच» अशी अट असेल, तर कोणताही क्रम सारख्याच नोंदींपाशी पोहोचतो. क्रम ठरतो तो अटींच्या प्रकारावरून: नेमकी अट असलेला कॉलम आधी, पट्ट्याची अट असलेला नंतर. पोस्टग्रेसच्या १८व्या आवृत्तीत पहिल्या कॉलमची मूल्ये ओलांडत पुढे जाण्याची सोय आली आहे आणि ती मूल्ये थोडी असतील तेव्हा तिचा उपयोग होतो. परंतु आपल्याकडे १६वी आवृत्ती आहे आणि ऐन हंगामात ती बदलण्याचा सल्ला मी दिला नसता.

आपल्याला दोन्ही वह्यांची गरज आहे. आपली संमती असल्यास माझा मूळ इंडेक्स पुन्हा टाकून भाच्यांचाही तसाच ठेवतो. प्रत्येक नव्या पेटीची नोंद मग दोन ठिकाणी होईल, पण दिवसाला साडेसहा हजार नोंदींना तो भार किरकोळ आहे. पहिल्यांदाच दोन का टाकले नाहीत, असे आपण विचाराल. न मागितलेले काम करून त्याचे पैसे लावणे मला कधी जमले नाही.

```sql
CREATE INDEX CONCURRENTLY petya_bagaydar_tarikh
    ON petya (bagaydar_id, tarikh);
```

`CONCURRENTLY` मुळे काम चालू असताना पेढीतील नोंदी थांबणार नाहीत. याचे वेगळे पैसे घेणार नाही. यापुढे काम घेताना ग्राहकाला कोणकोणते रिपोर्ट लागतात त्याची यादी लिहून घेण्याची पद्धतही आम्ही लवकरच सुरू करत आहोत. फक्त इंडेक्स काढण्यापूर्वी एक फोन करावा, एवढी विनंती आहे. पाऊस कितीही असला तरी देवगडला यायला मी तयार आहे.

आपला,
संचालक, रत्नागिरी