मॅनेजर म्हणतो, डिअर ही गुलामी

“आत्या, ऑफिसच्या मेलला डिअर लिहायचं, हॅलो, हाय, की सरळ मुद्द्यावर यायचं? आमचा मॅनेजर म्हणतो डिअर ही इंग्रजांची गुलामी आहे, तिकडे आता कुणीच लिहीत नाही, मायना सोडा, सरळ मुद्द्यावर या, वेळ वाचतो. खरं का?”

भाच्याने हे घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा इथे मध्यरात्र होती. सकाळी उठून बघते तर सगळ्यांची मतं देऊन झालेली. दादा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालाय. त्याचा निकाल असा: “प्रति, विषय, संदर्भ, महोदय. एवढं लिहिलं की कुणाची बोट ठेवायची हिंमत नाही.” वहिनी शाळेत शिकवते. तिने विचारलं, पालक रात्री साडेदहाला नुसतं ‘हॅलो मॅडम’ पाठवून गप्प बसतात, त्यांचं काय करायचं? तिचा वैताग खरा आहे, पण प्रश्न मेलचा होता. मला मात्र लागलं ते “तिकडे कुणीच लिहीत नाही.” अरे, तिकडे म्हणजे जिथे मी बसले आहे तिथे ना? मग मला तरी विचारायचं.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला कौन्सिलच्या खरेदी विभागात आहे. समजा, हिवाळ्याआधी ग्रिटसाठी, म्हणजे बर्फाळ रस्त्यांवर टाकायच्या मिठासाठी, नवा पुरवठादार बघायचाय. पहिल्या मेलला मी ‘डिअर मि. टेलर’ असंच लिहिते, आणि शेजारचा पंचविशीतला मुलगाही तेच लिहितो. गुलामी वगैरे कुणाच्या डोक्यात नसते. उत्तर येतं ‘हाय वैशाली’, आणि खाली सही नुसती ‘टॉम’. त्या सहीत सगळं आलं. आपल्याला काय म्हणावं हे माणूस मेलच्या तळाशी सांगून मोकळा होतो, ते वाचायचं. पुढच्या मेलला ‘हाय टॉम’. तेव्हाही मी ‘डिअर मि. टेलर’वर अडून राहिले तर त्याला वाटेल, बाईंचं काहीतरी बिनसलंय. त्याच दिवशी तिसरा-चौथा मेल झाला की मायना आपोआप गळतो: ‘हो, गुरुवार चालेल.’ यात उद्धटपणा नाही, बोलणं चालूच असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा ‘मॉर्निंग टॉम’. रात्र मध्ये गेली की दार पुन्हा वाजवायचं.

आता माल दोनदा उशिरा आला, आणि मला कराराचं कलम काढायचंय. तेव्हा मी ‘डिअर टॉम’ लिहिते. बास. पुढची ओळ वाचायच्या आधीच त्याला कळतं, आणि बऱ्याचदा उत्तराऐवजी फोनच येतो. ‘डिअर मि. टेलर’वर परत गेले, तर समजायचं की सीसीमध्ये लीगलवाले आहेत. म्हणजे डिअर प्रेमळ की औपचारिक, हे त्या शब्दावरून ठरतच नाही. काल काय लिहिलं होतं त्यावरून ठरतं. हाय सोडून डिअरकडे जाणं म्हणजे मागे सरकणं, आणि ते इथे लगेच जाणवतं. नुसतं नाव आणि स्वल्पविराम, ‘वैशाली,’ असा मेल आला तर मी अजूनही खुर्चीत सरळ बसते. हॅलो मी ठेवते ज्या इनबॉक्सच्या मागे कोण बसलंय ते माहीत नाही त्याच्यासाठी.

‘डिअर सर्स’ मात्र खरंच मागे पडत चाललाय. फ्रेशफील्ड्स या मोठ्या वकिली फर्मने तो २०१६ मध्ये सोडला. कारण साधं होतं, पत्र वाचणाऱ्यांत बायका असतात. त्यांनी सर्स टाकलं, डिअर नाही टाकलं. हे मॅनेजरसाहेबांना कळवावं.

ते अगदीच चूक आहेत असंही नाही. फोनवर विषयाखाली मेलची पहिली ओळ दिसते, आणि तिथे ‘डिअर सर, आपण कुशल असाल अशी आशा’ एवढंच दिसलं तर मुद्दा उघडल्याशिवाय कळत नाही. मग कुशल काढा, मुद्दा वर घ्या. डिअरने जागा किती खाल्ली? त्यांचा दुसरा घोळ असा की चॅटचा नियम ते मेलला लावतात. टीम्सवर नुसतं ‘हाय’ टाकून पुढच्याला ताटकळत ठेवू नये, हे कुणीही मान्य करेल. वहिनीचे पालक हेच करतात. मेलमध्ये हायच्या खाली मजकूर असतोच, तिथे ताटकळायचं कुणी?

आणि मायनाच नको म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास आहे. जोअन वाल्डवोगेल या बाईंनी २००७ मध्ये न्यूझीलंडमधल्या दोन कामाच्या जागांचे मेल तपासून लिहिलं. एक शिक्षणसंस्था, एक कारखाना. वाटेल की शिकलेले लोक जास्त अदबीने लिहीत असतील. झालं उलटं. कारखान्यात माणसं एकमेकांशी बरी होती, तिथे मेलला अभिवादन असायचं. शिक्षणसंस्थेत फेररचनेने लोक दुखावलेले होते, तिथे बरेचसे मेल थेट सुरू व्हायचे. दोनच जागा, त्याही एका देशातल्या, त्यामुळे याचा फार मोठा सिद्धांत करू नये. पण “वेळ वाचतो” म्हणून नमस्कार काढून टाकणाऱ्या मॅनेजरच्या टीममध्ये काय चाललंय, हे मी भाच्याला हळूच विचारणार आहे.

खरं तर भारतातून येणारे मेल वाचून मला हसू येतं, हेही सांगते. ‘रिस्पेक्टेड सर’, खाली माझं नाव. ‘हाय सर’. ‘डिअर वैशाली मॅडम’. इथली पोरं विचारतात, मॅडम हे तुझं आडनाव का? मी त्यांच्याबरोबर हसते, आणि मग दिवसभर त्यांचाच राग येतो. कारण मॅडम लिहिणाऱ्याने मला बरोबर ओळखलेलं असतं: वयाने मोठी बाई, नुसत्या नावाने हाक मारायची नाही. इथे माझ्या संचालकांना मी ‘हाय’ आणि पहिलं नाव लिहिते, बोटं अडखळत नाहीत. पुण्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मेंटेनन्सबद्दल लिहायला बसले की ‘आदरणीय’ आपोआप उमटतं, आणि ते तर माझ्यापेक्षा लहान आहेत.

सगळ्यात अवघड प्रकरण वेगळंच आहे. न्यूकॅसलच्या कार्यालयात एक मराठी गृहस्थ आहेत, साठीला आलेले, सांगलीकडचे. कामाचे मेल इंग्रजीतच असतात, कारण एफओआयमध्ये, म्हणजे इथल्या माहिती अधिकारात, उद्या ते कुणीही मागवू शकतं. आता त्यांना ‘हाय’ आणि नुसतं नाव? हात धजत नाही. ‘डिअर मि. अमुक’ लिहावं तर ते समजतील, हिने कलम काढलं. नावापुढे ‘काका’ किंवा ‘साहेब’ लावला तर सीसीमधला टॉम विचारेल, हे कोण. म्हणून त्यांना मी काहीच लिहीत नाही. विषय, मग सरळ मजकूर, अगदी भाच्याच्या मॅनेजरला आवडेल तसं. गंमत म्हणजे त्यांच्याही मेलला मायना नसतो. त्यांचीही हीच पंचाईत आहे की ते मुळातच तुसडे आहेत, ते एकदा विचारायचंय. पण तो मेल सुरू कसा करायचा?