पॅनेलची वॉरंटी आणि फुटलेली स्क्रीन

"टीव्हीच्या पॅनेलला दोन वर्षांची वॉरंटी आहे, म्हणजे स्क्रीन फुटली तरी फुकट बदलून देतात."

नाही देत. वॉरंटी असते ती कारखान्यातल्या दोषाला. आपोआप उभी रेघ आली किंवा अर्धा पडदा काळा पडला, तर ती लागू होते. तंत्रज्ञ आधी काच तिरक्या उजेडात पाहतो. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरल्या असतील, तर तो मार धरला जातो. ओल्या फडक्याचं पाणी खालच्या कडेतून आत गेलं, तरी दावा सहसा नाकारतात. शिवाय दुसरं वर्ष बरेचदा फक्त पॅनेलचं असतं, पॉवर बोर्ड गेला तर खर्च आपला.

आमच्या टीव्हीवर चौदाव्या महिन्यात रेघ आली. दोष वॉरंटीतला, पण दुकानाचं थर्मल कागदावरचं बिल पार कोरं झालेलं! दुकानदाराने जीएसटी बिलाची प्रत पुन्हा काढून दिली, तेव्हा दावा पुढे सरकला. म्हणून बिल हातात पडताच फोटो काढा. तारीख, मॉडेल आणि टीव्हीमागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. बिल नसेल तर काही कंपन्या वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, आणि गोदामात गेलेले महिने आपल्या खात्यातून वजा होतात.