पीएमचे बारा

हजेरीच्या नव्या मशीनला एएम-पीएम कळत नाही, ही बातमी मला शेठजींनी शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला दिली. इंदूरला सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात बेचाळीस माणसं, तीन पाळ्या. सगळ्यांच्या वेळा चोवीस तासांच्या घड्याळात करायच्या. दहा मिनिटांचं काम, म्हणाले. ज्या कामाला दहा मिनिटं लागतात म्हणतात, त्याला माझा रविवार लागतो.

वेळांची एक्सेल शीट तीन सुपरवायझरांनी मिळून भरलेली. एकाचं `10:00 PM`, दुसऱ्याचं `10.00PM`, तिसऱ्याचं `10 pm`. त्यांतल्याच एका महाभागाने तर दोन ओळींत `रात्री 10` लिहिलं होतं. त्या दोन ओळी मी मुकाट्याने हाताने बदलल्या.

मग अख्खा कॉलम निवडून फॉरमॅट `hh:mm` केला. निम्म्या वेळा झटकन बदलल्या, निम्म्या ढिम्म हलेनात. एक्सेलला घड्याळ कळत नाही, त्याला दिवसाचे हिस्से कळतात. सकाळचे सहा म्हणजे त्याच्या पोटात 0.25, संध्याकाळचे सहा 0.75. पण मध्ये टिंब दिलं किंवा पीएम आकड्याला चिकटवलं, की त्याच्या लेखी ती वेळ नसून नुसती अक्षरं असतात. आणि अक्षरांना तुम्ही कुठलाही फॉरमॅट घाला, ती ऐकत नाहीत. ओळखायची खूण सोपी: वेळ उजवीकडे सरकते, अक्षरं डावीकडे. आमच्याकडे कुणीतरी शोभेसाठी सगळं मधोमध आणून ठेवलं होतं. ती शोभा काढली, तर लग्नाच्या पंगतीसारखे दोन पक्ष समोरासमोर बसलेले.

डाव्या पक्षासाठी मी फॉर्म्युला रचला. टिंबाचा कोलन, एएम-पीएमच्या आधी जागा, जादा जागा साफ. तो सबंध कॉलमभर ओढला आणि सकाळी सहाची पाळी रात्री बारा पंचवीसला सुरू झाली.

`00:25`! ही पंचविशी आली कुठून? चहा थंड झाल्यावर उलगडा झाला. ज्या सहाला मुळात काही झालंच नव्हतं, तो पोटात 0.25 होता. माझ्या फॉर्म्युल्याने त्याच्याही टिंबाचा कोलन केला. धडधाकट माणसाला औषध पाजलं की असंच होतं. मग आधी विचारायचं, बाबा रे, तू आकडा आहेस का? असशील तर जा, तुझं तुझ्यापाशी.

```
=IF(ISNUMBER(B2),B2,TIMEVALUE(TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(B2),".",":"),"AM"," AM"),"PM"," PM"))))
```

हे सुरुवातीच्या वेळेला D मध्ये, तसंच सुटीच्या वेळेला E मध्ये. पडताळ्यासाठी पुढे तासांचा कॉलम केला. नुसती वजाबाकी केली तर रात्रपाळीत सहातून बावीस जातात, उत्तर उणे येतं आणि खान्यात `####` ची रांगोळी उमटते. म्हणून `=MOD(E2-D2,1)`. सगळीकडे `08:00`, `08:00`, `08:00`... आणि चौकीदार मामांपुढे `20:00`.

मामा चारला येतात. सुटीच्या खान्यात `12 PM`. म्हणजे एक्सेलच्या हिशेबाने ते दुपारी चारला गेटवर बसतात ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उठतात. रोज बारा तास ओव्हरटाइम!

आमचे बाबा रेल्वेतून रिटायर. घरी अजूनही सतरा चाळीसला चहा मागतात. त्यांनी पेपरातून डोकंही वर न काढता सांगितलं, "बाराशी नीट वाग गं. पीएमच्या बाकी सगळ्यांत बारा मिळव, पण पीएमचे बारा बाराच राहतात. ती दुपार. रात्रीचे बारा एएमचे, त्यांचं शून्य होतं."

सुपरवायझरचा तरी काय दोष? आमच्या इंदुरात रात्री बाराला सराफ्यात उभं राहून बघा. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, पाय ठेवायला जागा नाही. त्या वेळेला दुपार म्हणणं अगदीच चूक वाटत नाही.

अडचण एवढीच, की ही चूक वेळा बदलणारा फॉर्म्युला पकडत नाही. `12 PM` ही अस्सल वेळ आहे, फक्त भलतीच. ती लिहिणाऱ्याला किंवा तिथे बसणाऱ्यालाच विचारावी लागते. म्हणून मामांना फोन लावला.

"मामा, सुटी किती वाजता?"

"बाराला, ताई."

"कुठल्या बाराला?"

"आता दिवसा बाराला राखण कशाची करू? रात्रीच्या."

`12 AM` केलं. खान्यात निमूट `00:00` आणि पुढे `08:00` आले. सोमवारी गेटवर मामांनी मला थांबवलं. वीस तासांची गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोचली, देव जाणे.

"आठ तर आठ, ताई," ते हळूच म्हणाले, "पण ते वीस लागलेले किती दिवस होते?"