आईची रांगोळी आणि खालची एक ओळ

आज पहाटे आईच्या रांगोळीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दोन मिनिटांत धाकट्या भावाचा मेसेज, "ताई, खालचा कोपरा वाकडा आलाय, क्रॉप कर, फिल्टर टाक, आणि 'दिव्यांच्या प्रकाशात उजळो जीवन' असं काहीतरी लिहून फेसबुकवर टाक." डोकंच फिरलं माझं!! अरे, ती ओळ कुणाच्याही फोटोखाली चालेल, पणतीच्या, आकाशकंदिलाच्या, मिठाईच्या दुकानाच्या सुद्धा. यात आई कुठंय?

आणि तो कोपरा वाकडा का आहे हे विसरलास तू?

आमच्याकडे ठिपक्यांचा एक कागद आहे. १९९१ साली, आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पट्टी लावून खुणा केल्या आणि पेटत्या अगरबत्तीने एकेक भोक पाडलं. अगरबत्तीनेच, कारण सुईने पाडलेलं भोक बुजतं, जळालेलं बुजत नाही. १५ ते ८ ठिपके, म्हणजे मधली ओळ पंधराची आणि वर-खाली एकेक कमी होत आठपर्यंत. गेरू पूर्ण वाळला की कागद अंथरायचा, वरून रांगोळी पसरून तळहात फिरवायचा, आणि कागद सरळ वर उचलायचा, जरा तिरका झाला की ठिपक्यांना शेपट्या फुटतात. बाबा गेले त्या वर्षी कागद उचलताना आईचा हात थरथरला आणि खालच्या ओळीतली शेवटची तीन भोकं फाटून एक झाली. तेव्हापासून ते तीन ठिपके ती चिमटीने अंदाजाने ठेवते. म्हणून त्या कोपऱ्यातली पाकळी दरवर्षी थोडी बाहेर जाते. कधी जास्त, कधी कमी. यंदा जरा जास्तच.

नवीन कागद करता येईल हो. अर्ध्या तासाचं काम, मान्य. मागच्या वर्षी मी म्हटलंही होतं, तर आई म्हणाली "असू दे गं, हात बसलाय याच्यावर" आणि चहा टाकायला आत गेली. विषय संपला.

आणि हो, क्रॉप केलेला फोटो जास्त चांगला दिसतो, तेही मान्य. फोटो मीच बिघडवलाय खरं तर, समोरून उभी राहून काढला म्हणून गोल रांगोळी अंड्यासारखी आलीये आणि फ्लॅशमुळे पांढऱ्या रेषा एकमेकींत मिसळल्यात. मग उजाडल्यावर स्टुलावर चढून बरोब्बर वरून परत काढला. आई खालून ओरडतेय, "पडशील गं!" कोपरा अख्खा आलाय त्यात.

भावावर जास्तच चिडले बहुतेक. तो तेव्हा लहान होता, त्याला कोण सांगणार होतं. तर बाबू, हा घे तुझा कॅप्शन:

"आईची १६९ ठिपक्यांची रांगोळी. तीन तिचे, बाकी १६६ बाबांचे."

पोस्ट करायच्या आधी आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मोजलेस होय गं तू?" आणि चष्मा पुसत बसली.