‘शब्द बसवले’ म्हणणाऱ्या वाचकांना

लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश रॉकला स्वतःचा आवाज आहे, असं मी लेखात लिहिलं. त्यावर आलेलं हे पत्र:

“लेख वाचून हसू आलं. एल्व्हिस-बीटल्सच्या चाली उचलायच्या, त्यावर स्पॅनिश शब्द बसवायचे आणि याला ‘स्वतःचा आवाज’ म्हणायचं? 1982च्या युद्धात अर्जेंटिनात रेडिओवर इंग्रजी गाणी बंद झाली म्हणून हा प्रकार चालला, एवढंच. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा.”

असहमत असा, हरकत नाही. पण हसू आलं, अभ्यास करा, हा सूर कशासाठी? समोरासमोर बोलला असतात का असं?

मेक्सिकोपुरतं तुमचं बरोबर आहे. 1960च्या सुमारास तिथल्या पोरांचे बँड अमेरिकन गाणी सरळ स्पॅनिशमध्ये आणून गात. पण तुम्ही सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंत. नक्कल म्हणजे काय ते मला सांगू नका. कॉलेजच्या बँडमध्ये मी तेच करायचो, अमेरिकन उच्चारासकट.

आता अर्जेंटिनाची राजधानी, 1967चं ब्युनोस आयर्स घ्या. रात्री ‘ला क्वेवा’ नावाच्या लहानशा क्लबात गाणं-बजावणं, मग पहाटेपर्यंत भटकत प्लाझा ओन्सेजवळच्या ‘ला पेर्ला’ कॅफेत. तिथल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात, फरशांच्या घुमाऱ्यात, तांगीतो नावाच्या गायकाने गिटारवर एका गाण्याची सुरुवात म्हणून दाखवली आणि रोसारियोहून आलेल्या लिट्टो नेब्बियाने ते पूर्ण केलं, असं सांगतात. तेच ‘ला बाल्सा’. एकटा, कंटाळलेला पोरगा तराफा बांधून निघून जायचं म्हणतो. चाल या दोघांचीच. नेब्बियाच्या ‘लोस गातोस’ बँडने ते रेकॉर्ड केलं आणि ते तुफान खपलं. यात कुठले शब्द कुठल्या चालीवर बसवले, दाखवाच.

आणि नक्कलच हवी असेल तर नदीपलीकडे उरुग्वेत ‘लोस शेकर्स’ होते. केस बीटल्ससारखे, गाणी स्वतः रचलेली, पण इंग्रजीत. उत्तम बँड, माझा आवडता. पण त्यांचं शहर माँतेव्हिदेओ त्यांच्या त्या सुरुवातीच्या गाण्यांत शोधून सापडत नाही.

उलट ब्युनोस आयर्सचा ‘मानाल’ बँड ऐका. साचा अमेरिकन ब्लूजचा, हे मीच सांगतो. पण ड्रम वाजवता वाजवता गाणारा हाविएर मार्तिनेस ‘आव्हेयानेदा ब्लूज’मध्ये शहराच्या दक्षिणेचं, कारखान्यांचं आव्हेयानेदा उभं करतो: मालगाडी, धूर, तेल, चिखल. गातोही तिथल्या बोलीत. साचा उसना घेतला म्हणून आतला माल उसना होत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं तुम्हाला.

युद्धाचा मुद्दा तर सोडूनच द्या. माल्विनास म्हणजे फॉकलंड बेटांवरून ब्रिटनशी झालेल्या त्या युद्धाच्या वेळी इंग्रजी गाणी हटली, त्याने या मंडळींना रेडिओवर जागा मिळाली, खरंच. पण त्या जागी वाजवायला रेकॉर्ड होत्या, त्या 15 वर्षांपासून तयार होत होत्या.